विश्वास बसला, तरी शिक्षा नाही

मंडळी, पत्रिकेवर आजच्या विषयाचे तीन भाग छापले आहेत: साक्ष कोण देऊ शकतो, कोणते बोलणे कोर्टात उघड करता येत नाही आणि गुन्ह्यातल्या साथीदाराच्या साक्षीला वजन किती. मी शेवटच्यापासून सुरू करतो, कारण माझा जीव तिथे अडकला आहे. ‘आरोपीच माफीचा साक्षीदार झाला, आता सगळे आत जाणार’ अशी बातमी आली की मला बोलल्याशिवाय राहवत नाही. साक्ष घेता येणे, ती खरी वाटणे आणि तिच्यावरून शिक्षा देणे, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत.

गांधीहत्येचा खटला घ्या. लाल किल्ल्यातले विशेष न्यायालय, न्यायाधीश आत्मा चरण. पुण्यातला शस्त्रविक्रेता दिगंबर बडगे हा स्वतः कटातला आरोपी. जून १९४८ मध्ये त्याला माफी मिळाली आणि तो सरकारतर्फे साक्षीला उभा राहिला. कट बंद दाराआड शिजतो, तिथे त्रयस्थ साक्षीदार मिळायचा कुठून? म्हणून कायदा साथीदारालाही साक्षीला पात्र मानतो.

बडगेची उलटतपासणी दीर्घ झाली. निकालात न्यायाधीशांनी नोंदवले की तो सरळ बोलला, प्रश्न टाळले नाहीत. म्हणजे न्यायाधीशांचा त्याच्यावर विश्वास बसला. आता दुसरे आरोपी सावरकर यांचा भाग पाहा. बडगेच्या सांगण्यानुसार १७ जानेवारी १९४८ला गोडसे आणि आपटे सावरकर सदनात वर गेले, तो खाली थांबला, आणि ते उतरले तेव्हा मागोमाग आलेल्या सावरकरांनी त्यांना यशस्वी होऊन येण्यास सांगितले. हे ऐकणारा सरकारी साक्षीदार तो एकटाच.

सरकार पक्षाने दुजोरा दाखवला. एका अभिनेत्रीने सांगितले की १४ तारखेला तिने गोडसे-आपटेंना शिवाजी पार्कला सोडले. टॅक्सीवाल्याने १७ तारखेचा प्रवास सांगितला. बडगे खोटे बोलत नाही असे मानायला याची मदत होते. पण त्या घरात गेलेले लोक कोणाला भेटले, काय बोलले, याबद्दल यातून काहीच निघत नाही. त्या घरात इतरही माणसे राहत होती. माफीच्या साक्षीदाराच्या एवढ्याच गोष्टीवर सावरकरांविरुद्ध निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे, असे म्हणून आत्मा चरण यांनी १० फेब्रुवारी १९४९ला त्यांना निर्दोष सोडले. त्याच साक्षीदाराच्या साक्षीचा इतर आरोपींविरुद्ध मात्र आधार घेतला गेला, कारण तिथे स्वतंत्र पुरावा थेट त्या माणसांपर्यंत पोहोचत होता.

माझा मुद्दा इथेच आहे. साक्षीदार सर्वसाधारणपणे खरा ठरला म्हणून तो प्रत्येक आरोपीच्या बाबतीत पुरेसा ठरत नाही. ज्या माणसाला शिक्षा द्यायची, त्याचाच गुन्ह्याशी संबंध जोडणारा दुजोरा हवा. कारण साथीदाराला सगळा तपशील ठाऊकच असतो. दहा खऱ्या गोष्टींत अकरावे नाव त्याने घुसवले, तर ते ओळखणार कसे? पुढे १९५७ मध्ये सरवणसिंग खटल्यात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी याची दुहेरी कसोटी मांडली: आधी साक्षीदार विश्वासार्ह आहे का ते पाहा, मग दुजोरा शोधा. पहिल्या पायरीवरच तो नापास झाला, तर दुजोऱ्याचा प्रश्नच उरत नाही.

आता नव्या कायद्याबद्दलची माझी तक्रार. १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम १३३ म्हणत होते की केवळ साथीदाराच्या दुजोरा नसलेल्या साक्षीवर शिक्षा दिली, एवढ्याने ती बेकायदा ठरत नाही. शेजारी कलम ११४ मधले उदाहरण सावध करत होते, की दुजोऱ्याशिवाय अशा साक्षीदारावर विसंबू नका. कायदा आणि खबरदारी, दोन्ही स्पष्ट. त्याच्या जागी आलेल्या नव्या साक्ष्य अधिनियमाचे कलम १३८ म्हणते की दुजोरा असलेल्या साक्षीवरची शिक्षा बेकायदा नाही. अहो, ती बेकायदा आहे असे म्हणत होते कोण? दुजोरा नसेल तर काय, हा खरा प्रश्न, आणि त्यावर कलम गप्प. ती शिक्षा आता बेकायदा आहे, असेही ते सांगत नाही. वाद वाढणार आहेत.

संयोजक घड्याळ दाखवताहेत, म्हणून उरलेले दोन भाग धावत सांगतो. पात्रतेला वयाची अट नाही. प्रश्न समजून सुसंगत उत्तर देता येते का, एवढेच कोर्ट पाहते. त्यामुळे लहान मूलही साक्षीदार होऊ शकते.

नवरा-बायकोचे बोलणे मात्र संरक्षित आहे. पण बोलणे, वागणे नव्हे. रामभरोसे खटल्यात, १९५४ मध्ये, नवरा छपरावरून उतरला, भुशाच्या खोलीत गेला आणि बाहेर येऊन त्याने आंघोळ केली, हे बायकोने सांगितलेले चालले; दागिन्यांबद्दल तो तिला काय म्हणाला, ते चालले नाही. आणि नवऱ्याने तिच्यावरच गुन्हा केला असेल, तर त्या खटल्यात हे संरक्षण नाही.

वकिलाशी बोलणेही असेच संरक्षित. झालेल्या गुन्ह्याचा बचाव विचारा, ते बाहेर येणार नाही. पुढचा गुन्हा कसा करू असे विचाराल, तर ते बोलणे संरक्षणाबाहेर. बाकीचे प्रश्न चहाच्या वेळी विचारा, मी थांबणार आहे.