भाड्याचे पंधराशे रुपये

म्हापशातील व्यापारी मित्रांनो, मालवाहतुकीसाठी काढायच्या ई-वे बिलावरील रक्कम आणि बीजकावरील रक्कम का जुळावी, हे मला आज सांगायचे आहे. परंतु त्यापूर्वी माझ्याच दुकानातील एक फजिती सांगतो, कारण नियमापेक्षा ती अधिक लक्षात राहते.

सावंतवाडीच्या एका ग्राहकाला प्लास्टिकचे पाइप पाठवायचे होते. मालाची किंमत अठ्ठेचाळीस हजार, त्यावर १८ टक्के आयजीएसटी ८,६४० रुपये, एकूण ५६,६४०. मुलाने सकाळी याच रकमेचे ई-वे बिल काढले. दुपारी टेम्पोवाल्याने पंधराशे रुपये भाडे सांगितले, ते ग्राहकाकडून घ्यायचे ठरले आणि मी बीजक नव्याने छापले. आपण भाडे बीजकात आकारतो तेव्हा ते पुरवठ्याच्या मूल्याचाच भाग होते व त्यावरही कर लागतो, म्हणून करपात्र रक्कम ४९,५००, कर ८,९१० आणि बेरीज ५८,४१० झाली. ई-वे बिल मात्र सकाळचेच राहिले. सीमेवर अधिकाऱ्याने दोन्ही कागद शेजारी धरले आणि १,७७० रुपयांचा फरक दाखवला. टेम्पोवाला म्हणाला, "शेट, भाडे माझे, पण अडकलो मीच." (हशा) त्याचे म्हणणे खोटे नव्हते, म्हणून मी त्याला चहा पाजला, भाडे वाढवले नाही.

कोणी म्हणेल, एवढ्याशा फरकाने काय होते? सप्टेंबर २०१८च्या परिपत्रकाने वाहन क्रमांकातील एकदोन आकडे चुकणे, पिनकोड चुकणे अशा किरकोळ चुकांसाठी केंद्र व राज्य कराखाली प्रत्येकी पाचशे रुपये दंड पुरेसा मानला, पण रकमेची तफावत त्या यादीत नाही. जीएसटी कायद्याचे कलम १२९ लावले गेले आणि मालक दंड भरायला पुढे आला, तर दंड कराच्या दुप्पट, म्हणजे माझ्या बाबतीत १७,८२० रुपये. पंधराशेच्या भाड्यासाठी!

आयोजक घड्याळ दाखवत आहेत, तेव्हा जे सांगायला आलो होतो ते थोडक्यात सांगतो. ई-वे बिल निघाल्यावर त्यातील रक्कम दुरुस्त करता येत नाही. वाहन क्रमांक तेवढा बदलता येतो. रक्कम चुकली असेल, तर ते चोवीस तासांत रद्द करून नवे काढावे, आणि हे टेम्पो सुटण्यापूर्वीच करावे, कारण वाटेत अधिकाऱ्याने तपासलेले बिल रद्द होत नाही. सुट्या पैशांची रक्कम पूर्ण रुपयांत केल्याने पडणारा फरक 'इतर रक्कम' या रकान्यात अधिक-उणे करून भरावा, म्हणजे एकूण रक्कम बीजकाइतकीच येते. ई-वे बिल लागण्याची पन्नास हजारांची मर्यादा मोजताना कर धरावा लागतो, म्हणून अठ्ठेचाळीस हजारांचा माल मर्यादेत बसतो असे समजू नये. मात्र एकाच बीजकात करमुक्त मालही असेल, तर त्याची किंमत या मोजणीतून वगळता येते.