सुई तीस, मशीन पंचेचाळीस, टेबल साठ

(दृश्य: सुईचं नेढं आणि दोऱ्याचं टोक, पडदाभर.)

काळं कापड, काळा दोरा. दोऱ्याचं टोक ओठांत ओलं होतं, त्याला पीळ बसतो आणि सुई डोळ्यांसमोर येते. मग हात हळूहळू लांब जायला लागतो. पुरेसा लांब गेला की नेढं स्पष्ट होतं खरं, पण तोवर ते इतकं बारीक झालेलं असतं की दोरा बाजूनं निसटतो. एकदा. दोनदा. तिसऱ्या वेळी ताई शेजारच्या मुलीला हाक मारतात, "ए बाळा, जरा ओवून दे गं."

सांगलीतल्या एका गल्लीतलं हे ब्लाऊज शिवायचं दुकान. ताईंचं वय ४८. मशीनवर त्या बसतात. मागच्या टेबलावर कापड बेततात ते त्यांचे मोठे दीर, वय ६१. गल्लीत त्यांना सगळे मास्तर म्हणतात, ताई भावोजी म्हणतात. दोघांनाही लांबचं उत्तम दिसतं. समोरच्या चौकातल्या एसटीची पाटी दोघंही इथून वाचतात. अडतं ते हातातलं.

याला आपल्याकडे चाळिशी म्हणतात. वयालाही तोच शब्द आणि चष्म्यालाही तोच.

(दृश्य: ताईंचा डोळा जवळून. नजर रस्त्यावरून सुईवर येते.)

लांबून जवळ पाहताना डोळ्याच्या आतलं भिंग जाड, फुगीर व्हावं लागतं. भिंगाभोवतीचा स्नायू आवळला की ते फुगतं. या भिंगावर जन्मभर नवे थर चढत राहतात आणि आतला गाभा घट्ट होत जातो. स्नायू आपलं काम करतोच, भिंग मात्र पूर्वीसारखं ऐकत नाही. ही उतरण लहानपणीच सुरू झालेली असते. चाळिशीनंतर ती कामाच्या अंतरापर्यंत येऊन पोचते, म्हणून एकाएकी जाणवते. चष्मा लावल्यानं नंबर वाढतो, ही भीती इथे फार जणांनी बोलून दाखवली. नंबर वाढतो तो वयानं. चष्मा टाळला तरी तो तितकाच वाढणार.

(दृश्य: रविवारचा बाजार. चादरीवर मांडलेल्या तयार चष्म्यांच्या रांगा.)

ताईंनी पहिला चष्मा इथून घेतला. चष्मेवाल्यानं वर्तमानपत्राचा तुकडा हातात दिला. एक, दीड, दोन असे चष्मे पाठोपाठ लावून पाहिले. दोनच्या चष्म्यात अक्षर सगळ्यांत मोठं आणि ठसठशीत दिसलं, म्हणून दोनचा घेतला. सगळे असंच निवडतात, आणि आमच्या मते चूक नेमकी इथे होते.

तयार चष्मा म्हणजे वाईट चष्मा, असं नाही. त्यानं डोळा बिघडत नाही. दोन्ही डोळ्यांचा नंबर सारखा असेल, तिरपा नंबर नसेल, तर वाचायला तो चालतो. पण बाजारात पेपर कुठे धरला होता? नाकासमोर, वीतभर अंतरावर. आणि शिवणयंत्राची सुई कुठे असते?

(दृश्य: मेजर टेप. एक टोक ताईंच्या डोळ्याच्या कोपऱ्याशी, दुसरं मशीनच्या सुईशी.)

हे माप तपासणी करणाऱ्या मॅडमनी सांगून घ्यायला लावलं, आणि टेप ताईंचीच. इंचाची बाजू उलटून सेंटिमीटरची वर घेतली. ताठ बसल्यावर डोळ्यापासून मशीनची सुई ४५ सेंटिमीटर. हातात धरलेली सुई ३०. उभं राहून वाकल्यावर बेतायचं टेबल ६०. गिऱ्हाईक समोर दीड-दोन मीटरवर.

या मापावरून नंबर कसा निघतो, ते सोपं आहे. १०० ला अंतराच्या सेंटिमीटरनं भागायचं. उत्तर येतं तेवढी ताकद डोळ्याला तिथे लागते. मशीनला साधारण २.२, हातसुईला ३.३, टेबलाला १.७ च्या आत.

(दृश्य: नाकापुढे आडवी पट्टी. तिच्यावरचं अक्षरांचं कार्ड पुढे सरकतं.)

आता ताईंकडे स्वतःची ताकद किती उरली आहे, ते या पट्टीवर कळतं. कार्ड जवळ जवळ येतं. "थांबा, आता पुसट झालं." ३३ सेंटिमीटर. म्हणजे शिल्लक ताकद ३. पण ती सगळी दिवसभर ओढून चालत नाही. डोकं दुखतं, संध्याकाळी डोळे जड होतात. निम्मी वापरायची, निम्मी हाताशी ठेवायची, असा साधा हिशेब. निम्मी म्हणजे दीड. मशीनला हवी २.२. पाऊणाच्या आसपास कमी पडते. हातसुईला जवळजवळ दोन कमी पडते. मॅडमनी दोन्हींच्या मधला नंबर काढला, +१.२५.

दोनचा का नको? दोनचा चष्मा लावला की ५० सेंटिमीटरच्या पलीकडे सगळं पुसट. १०० भागिले २, तेवढीच त्याची हद्द. मशीनची सुई त्या हद्दीच्या अगदी काठावर, आणि टेबल हद्दीबाहेर. ताई इतके महिने मशीनवर पुढे वाकून बसत होत्या, मान आखडते म्हणून शेक घेत होत्या. +१.२५ ची हद्द ८० सेंटिमीटर. त्यात मशीन बसतं, टेबल बसतं, आणि दोरा ओवायला घडीभर उरलेली ताकद लावता येते. अक्षर थोडं लहान दिसतं, हे खरं. ताईंना पहिले दोन दिवस "काच कमी पडली" असंच वाटत होतं.

(दृश्य: ताई चष्मा लावून मशीनवर. पाठ ताठ. मागे ट्यूबलाइट.)

या चष्म्याची अडचण एकच. मान वर केली की गिऱ्हाईकाचा चेहरा पुसट. मग चष्मा नाकाच्या शेंड्यावर येतो आणि ताई वरून पाहतात. गल्लीतल्या प्रत्येक शिंप्याची, सोनाराची, वाण्याची ही ओळखीची नजर. या सवयीला काहीही करायची गरज नाही.

(दृश्य: मास्तरांचा चष्मा टेबलावर. काचेतली आडवी रेघ उजेडात चमकते.)

मास्तरांचा चष्मा वेगळा. काचेच्या खालच्या भागात इंग्रजी डी आडवा पडल्यासारखा तुकडा, वर सरळ रेघ. दुकानदार याला डी बायफोकल म्हणतात. तुकडा गोल असला तर केटी. वरच्या भागातून लांबचं, खालून जवळचं. एका चष्म्यात दोन अर्ध्या काचा बसवण्याची ही युक्ती बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८५ च्या एका पत्रात सांगितली होती, आणि आजही गावोगाव चालते, कारण ती स्वस्त आहे आणि खालचा भाग ऐसपैस, स्वच्छ असतो.

पन्नाशीच्या आधी बायफोकल छान निभतं. स्वतःची थोडी ताकद असते, ती मधलं अंतर भरून काढते. मास्तरांच्या डोळ्यात आता जेमतेम १ उरली आहे. वरच्या भागातून त्यांना लांबचं सगळं दिसतं, पण जवळ येत फार तर एक मीटरपर्यंतच. खालचा नंबर +२.२५, त्याची हद्द ४४ सेंटिमीटर. ४४ ते १०० ही पट्टी कुठल्याच भागात येत नाही. आणि त्यांचं टेबल ६० वर.

(दृश्य: मास्तर टेबलावर वाकतात, हनुवटी वर, मान मागे. खडू कापडावर.)

म्हणून ते असे उभे राहतात. हा त्यांच्या कमरेचा दोष आहे, असं घरात सगळे समजत होते.

(दृश्य: चष्म्याचं दुकान. फ्रेमच्या साध्या काचेवर मार्करचा ठिपका पडतो.)

प्रोग्रेसिव्ह काच या मधल्या पट्टीसाठी. बर्नार मेतनाझ या फ्रेंच अभियंत्यानं घडवलेली अशी काच १९५९ मध्ये बाजारात आली. रेघ नाही. वर लांबचं, तिथून खाली नंबर हळूहळू वाढत जातो आणि तळाशी वाचायचा. वरून खाली जाणारी ही वाट अरुंद असते, आणि दोन्ही बाजूंना काच पुसट करते. काच महाग घेतली तर हा पुसटपणा पसरवता येतो, काढून टाकता येत नाही. वाचायचा नंबर जितका मोठा, तितकी वाट अरुंद.

म्हणून हा ठिपका. मास्तर खुर्चीत सरळ बसलेत, दुकानातला मुलगा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर समोर. फ्रेम आधी नाकावर, कानावर नीट बसवून घेतली. मग दोन्ही बाहुल्यांच्या बरोबर समोर एकेक ठिपका. ठिपक्यापासून फ्रेमच्या खालच्या काठापर्यंत १८ मिलिमीटर. फ्रेम याहून फार बुटकी घेतली तर वाचायचा भाग कापलाच जातो. ठिपका दोन-तीन मिलिमीटर खाली चुकला, तर वाचताना हनुवटी वर करावी लागते आणि लोक म्हणतात, मला प्रोग्रेसिव्ह सोसला नाही.

(दृश्य: तयार काचेवर तोंडाची वाफ. दोन बारीक गोल उमटतात, विरतात.)

हे पाहा. वाफ धरल्यावर काचेत कोरलेल्या खुणा दिसतात. दोन्ही खुणांमध्ये ३४ मिलिमीटर, आणि कानाकडच्या खुणेखाली वाढीव नंबर कोरलेला. चष्मा हातात आला की हे स्वतः पाहता येतं. या खुणांवरून दुकानदाराला ठिपका पुन्हा आखता येतो आणि चूक कुठे आहे ते सापडतं. काच टाकून देण्याआधी एवढं करून घ्यावं.

(दृश्य: मास्तर नव्या चष्म्यातून खडूची रेघ पाहतात. डोकं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे.)

"रेघ वाकडी मारली का मी?" रेघ सरळ आहे. काचेच्या बाजूनं पाहिलं की ती कमानीसारखी दिसते. नजर वळवायची नाही, मान वळवायची, हे दहा-बारा दिवसांत अंगवळणी पडतं. वाचन, मोबाइल, रस्ता, गिऱ्हाईक, सगळं या एका चष्म्यात. पण सव्वा मीटर कापडावर एका नजरेत रेघ धरायची तर वाट अपुरीच पडते. शेवटी टेबलासाठी त्यांनी साधा, एकाच नंबरचा चष्मा करून घेतला. ६० सेंटिमीटरचा हिशेब मांडल्यावर नंबर निघाला +१.२५. ताईंचाच. ४८ व्या वर्षी मशीनसाठी जो लागला, तोच ६१ व्या वर्षी टेबलासाठी.

(दृश्य: दुकानाच्या पायऱ्या. मास्तर खाली उतरतात.)

बायफोकल असो की प्रोग्रेसिव्ह, खालच्या भागातून पायरी पुसट दिसते, पाय चुकतो. उतरताना मान खाली घालायची. तरी जवळचा चष्मा टाळू नये. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या मजुरांना जवळचे चष्मे दिल्यावर पानं खुडण्याचं काम पाचव्या हिश्श्याहून अधिक वाढलं, हे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नोंदलं आहे. आणि काचबिंदू सुरुवातीला काहीच कळू देत नाही, तेव्हा तयार चष्मा घेतला तरी डोळ्यांचा दाब एकदा तपासून घ्या.

(दृश्य: मापांची वही. छाती, कंबर, बाही. पान उलटतं.)

गिऱ्हाइकांच्या मापांच्या वहीत ताईंनी शेवटच्या पानावर हे लिहून ठेवलंय. सुई ३०, मशीन ४५, टेबल ६०. खाली भावोजींचं टेबल, वेगळ्या ओळीत. दोन वर्षांनी नंबर पुन्हा काढायचा, तेव्हा हे पान घेऊन जायचं.

(दृश्य: सुईचं नेढं. दोरा आत जातो. मशीन सुरू होतं.)