कमान की नुसता कमानीचा आकार?

[दृश्य: दिल्ली, कुतुब परिसर. लोहस्तंभामागे उभी असलेली उंच दगडी भिंत.]

फोटो पाहताक्षणी आपण म्हणतो, कमान. वर टोकदार, दोन्ही बाजूंना डौलदार वळण. मधल्या कमानीची उंची सुमारे 16 मीटर. कुव्वत-उल-इस्लाम मशिदीच्या दर्शनी भिंतीचं हे काम 1199 सालचं.

पण नाव देण्याआधी थोडं थांबा. बाह्यरेषेवरून नजर काढा आणि दगडांमधले सांधे बघा.

[दृश्य: कॅमेरा वळणाच्या वरच्या भागाजवळ जातो. कोरलेली वेलबुट्टी, अक्षरांची पट्टी.]

ही वेलबुट्टी वर चढत जाते, तिच्याशेजारून अक्षरांची पट्टी जाते. आणि या कोरीवकामातून एक बारीक रेघ आरपार गेलेली दिसते. ती रेघ म्हणजे दोन दगडांमधला सांधा. तो आडवा आहे. त्याच्या वरचाही आडवा. थेट टोकापर्यंत सगळे थर आडवेच आहेत.

म्हणजे इथे प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा पुढे सरकवून बसवला आहे. दगडाचा पुढे आलेला भाग खाली पडू नये म्हणून त्याच्या मागच्या टोकावर भिंतीचं वजन ठेवलं आहे. दोन्ही बाजू अशा सरकत सरकत वर येऊन मिळाल्या. हे सुंदर वळण दगडांच्या मांडणीतून आलेलं नाही, ते दगड तासून काढलेलं आहे. अभ्यासक याला खोटी कमान म्हणतात. मला हा शब्द फार कठोर वाटतो. हे काम करणारे स्थानिक पाथरवट खांबावर तुळई ठेवणारे, थर पुढे काढत छत मिटवणारे होते. त्यांना नवा आकार सांगितला गेला आणि तो त्यांनी आपल्या हातातल्या रीतीने उभा केला.

[दृश्य: त्याच परिसरातला अलाई दरवाजा. तांबडा दगड, पांढरा संगमरवर.]

आता हा अलाई दरवाजा. 1311 साल, अलाउद्दीन खिलजीची कारकीर्द. इथले सांधे बघा. वर जाताना ते तिरपे होत जातात, पंख्याच्या काड्यांसारखे. दगड पाचरीसारखे घडवले आहेत, वरच्या बाजूला रुंद, खालच्या बाजूला निमुळते. वरून वजन आलं की ते एकमेकांवर दाबले जातात आणि त्या दाबानेच जागेवर राहतात. ही खरी कमान. मात्र ती पूर्ण होईपर्यंत खाली लाकडी साचा लागतो, आणि तिचा रेटा बाजूलाही जातो, म्हणून शेजारची भिंत जाड हवी.

[दृश्य: दोन्ही कमानींचे फोटो शेजारी शेजारी.]

फोटोवरून ओळखताना चूक नेमकी कुठे होते? बहुतेक जण कमान जिथून सुरू होते तिथले दगड बघतात. तिथे खऱ्या कमानीचेही सांधे जवळजवळ आडवेच असतात. फरक दिसतो तो वर, खांद्याजवळ. दुसरी चूक माथ्यावरची. मधोमध एक मोठा दगड दिसला नाही की लोक म्हणतात, ही खरी कमान नाही. टोकदार खऱ्या कमानीत मधोमध उभा सांधा असू शकतो, तेवढ्यावरून निकाल देता येत नाही.

फोटो खालून तिरका काढला असेल तर आडव्या रेघाही कललेल्या दिसतात. तेव्हा कमानीचा एक सांधा धरा आणि त्याला शेजारच्या भिंतीत नेऊन बघा. तो भिंतीच्या थरात सरळ मिसळला, तर थर पुढे काढलेले आहेत. भिंतीच्या रेघेशी तुटून तिरपा गेला, तर पाचरीचे दगड आहेत.

[दृश्य: गिलावा केलेली कमान. सांधे दिसत नाहीत.]

गिलाव्याखाली मात्र यातलं काहीच दिसत नाही. वर चढवलेल्या शोभेच्या फरशांचे सांधेही फसवतात, कारण भार पेलणारं बांधकाम त्यांच्या मागे असतं. अशा फोटोखाली ‘टोकदार कमान’ एवढंच लिहावं, म्हणजे आकाराचं नाव, रचनेचं नाही. नाव चुकलं तर दुरुस्तीही चुकते: मागचं वजन उतरवलं, की पुढे काढलेले थर खाली येतात.

[दृश्य: मेहरौली, बल्बनची कबर. संध्याकाळचा उजेड.]

या दोन इमारतींच्या मधला काळ इथे उभा आहे. दिल्लीचा सुलतान बल्बन 1287 मध्ये वारला. दिल्लीतल्या सर्वांत जुन्या खऱ्या कमानींमध्ये या कबरीच्या कमानी धरतात. वरचं छत राहिलेलं नाही, शोभेचा मुलामाही गेला आहे. त्यामुळे ओबडधोबड दगड उघडे पडले आहेत, आणि खांद्याजवळचे तिरपे सांधे दुरूनही मोजता येतात.

[दृश्य: कॅमेरा एका सांध्यावर स्थिर.]