भोकालाच विचारा

पत्रिकेवर माझा विषय 'रिजेक्शन रजिस्टर कसं लिहावं' असा छापलाय. रजिस्टरकडे येतोच, पण आधी साच्याची वाळू. निरोप घेणाऱ्या माणसाला कोणी मध्येच खाली बसवत नाही, त्याचा आज पुरेपूर फायदा घेतो.

उद्यमबागेत जून लागला की फौंड्री-फौंड्रीत एकच रड असते: कास्टिंगला भोकं पडतात. मग भट्टीवाला शिव्या खातो, स्क्रॅप विकणारा शिव्या खातो. वाळू कालवायच्या मिलवर पाण्याचा पाइप धरून उभा असलेल्याला मात्र कोणी विचारत नाही, की बाबा, पाणी किती टाकलंस? तो म्हणणार, "रोजच्याएवढंच, सर." बरोबर आहे त्याचं. घोळ तिथेच आहे.

हिशेब करून बघू. १०० किलोची मिल धरा. त्यात ९० किलो परतीची वाळू, तिच्यात दीड टक्का ओल, म्हणजे साधारण १.३५ किलो पाणी आधीच आहे. १० किलो नवी वाळू, उन्हाळ्यात ती कोरडी ठणठणीत. आपल्याला हवी साडेतीन टक्के ओल. म्हणजे वरून सव्वादोन लिटरला थोडं कमी पाणी लागतं. आता जुलै आला. नव्या वाळूचा ढीग शेडच्या कडेला, ताडपत्री फाटकी. त्या १० किलोत पाच टक्के पाणी असेल तर अर्धा लिटर फुकट आत आला. वरून लागतं दीड लिटरपेक्षा थोडं जास्त. 'रोजच्याएवढं' टाकलं की ओल चार टक्क्यांवर. अर्ध्या टक्क्यानं काय होतं, असं वाटेल. साच्यात १३५० अंशांच्या पुढचं लोखंड पडलं की त्या पाण्याची वाफ होते आणि तिला पाण्याच्या हजारपटीहून जास्त जागा लागते. वाळूतून वाट मिळाली तर ती बाहेर जाते, नाही मिळाली तर लोखंडात घुसते.

म्हणून पाणी लिटरवर ठरवू नका, वाळूच्या वागण्यावर ठरवा. कॉम्पॅक्टिबिलिटीची नळी आपल्याकडे आहे, बहुतेक कपाटातच आहे. चाळणीतून सैल वाळू नळीत भरायची, वरची पातळी सपाट करायची, तीन ठोके द्यायचे आणि उंची किती टक्के घटली ते वाचायचं. आपल्या मशिन मोल्डिंगला चाळीसच्या आसपास चालतं. दोन मिनिटांचं काम आहे, चहाला त्याहून जास्त वेळ जातो. नळी नसेल तर मुठीत दाबा आणि मधोमध मोडा. कडा धारदार राहिली तर ठीक, भुगा झाला तर कोरडी, तळव्याला चिकटली तर ओली. पण गरम वाळूवर ही परीक्षा फसते. परतीची वाळू हाताला चटका देत असेल तर मिलमध्ये टाकलेलं पाणी साच्यापर्यंत पोचेतो उडून जातं किंवा आतली पोकळी राखायला साच्यात बसवलेल्या थंड कोअरवर दवासारखं बसतं. तिला आधी थंड होऊ द्या.

आता भोक वाचायचं कसं? एक व्हॉल्व्ह बॉडी घ्या, मधून कोअर असलेली. मशिनिंगला गेली आणि बोअरच्या अंगाला, कोअरच्या वरच्या बाजूला, मोठी गुळगुळीत भोकं दिसली. बाहेरची भिंत स्वच्छ. इथे वाळूच्या मिलवर दोष टाकू नका. गॅस कोअरमधून आलाय. कोअरचा व्हेंट प्रिंटपाशी लोखंडानं बुजला का, पाण्याचा वॉश ओव्हनमध्ये पुरता वाळला का, कोअर रात्रभर उघड्या रॅकवर राहिला का, हे तीनच प्रश्न. सीओटूचा सिलिकेट कोअर तर पावसाळी हवा पितो, बोट फिरवलं की वाळू सुटते. तो त्याच पाळीत वापरा. उलट बाहेरच्या वरच्या तोंडाला भोकं असतील तर वाळू तपासा. भोकात मळी अडकलेली असेल तर लोखंड गार होतं किंवा लॅडलची मळी नीट काढली नव्हती. कातडीखाली टाचणीच्या टोकाएवढी चकचकीत भोकं असतील तर ओल आहेच, शिवाय स्क्रॅपमधून ॲल्युमिनियम आलंय का तेही बघा.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. तर रजिस्टर. 'ब्लोहोल, १२ नग' असं लिहू नका, त्यातून काहीच कळत नाही. हीट नंबर, ओतल्याची वेळ, भोक वर की खाली, कोअरपाशी की भिंतीला, आणि त्या वेळची कॉम्पॅक्टिबिलिटी. पाच रकाने. महिनाभरानं सगळी भोकं सकाळच्या पहिल्या दोन बॅचमध्ये दिसली तर रात्रभर पडून राहिलेली वाळू आणि न तापवलेली लॅडल बघा. जेवणानंतर दिसली तर गरम वाळू. आणि नव्या वाळूच्या ढिगावरची ती ताडपत्री, स्टोअरवाले ऐकतायत ना, या आठवड्यात बदला.