वेळ नाही, म्हणजे कोणता वेळ?

(दृश्य : टेबलावर ठेवलेल्या तीन चिठ्ठ्या, वरून घेतलेले चित्रण.)

टेबलावर तीन चिठ्ठ्या आहेत. पहिलीवर घरातले जवळचे माणूस, दुसरीवर नुकत्याच वाचून संपवलेल्या पुस्तकाचा लेखक आणि तिसरीवर अलीकडेच ओळख झालेली, आवडीनिवडी जुळतील असे वाटणारी व्यक्ती. तुमच्याजवळ अर्धा तास मोकळा आहे, हाती दुसरे कोणतेही काम नाही, आणि या तिघांपैकी एकाच्या सोबतीत तो घालवायचा आहे. बार्बरा फ्रेडरिकसन आणि लॉरा कार्स्टेन्सन या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या वेगवेगळ्या वयांच्या माणसांना हा प्रश्न विचारला आणि १९९० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तरुणांची पसंती तिन्ही चिठ्ठ्यांत विखुरली होती. वृद्धांचा हात मात्र पहिल्या चिठ्ठीकडे वळला.

मग त्याच प्रश्नाला एक जोड देण्यात आली. समजा, लवकरच तुम्हाला एकट्याने देशाच्या दुसऱ्या टोकाला कायमचे राहायला जायचे आहे. आता हा अर्धा तास कोणासोबत घालवाल? या वेळी तरुणांनीही घरच्या माणसाचीच चिठ्ठी उचलली. वय तेच होते, स्वभाव तोच होता. बदलली होती ती पुढे किती काळ उरला आहे याची जाणीव.

(दृश्य : रुग्णालयातील अस्थिरोग विभाग, जुनी कृष्णधवल छायाचित्रे.)

कार्स्टेन्सन यांना हा विषय ग्रंथालयात सापडलेला नाही. वयाच्या एकविसाव्या वर्षी एका भीषण मोटार अपघातातून त्या वाचल्या आणि मोडलेली हाडे सांधण्यासाठी कित्येक आठवडे रुग्णालयात पडून राहिल्या. त्यांच्या आजूबाजूच्या खाटांवर वृद्ध स्त्रिया होत्या. वडील प्राध्यापक होते; मुलीचा वेळ जावा म्हणून त्यांनी मानसशास्त्राच्या व्याख्यानांच्या ध्वनिफिती आणून दिल्या, आणि तिचे शिक्षण त्या खाटेवर सुरू झाले. मृत्यू इतक्या जवळून पाहिल्यावर आपल्याला महत्त्वाची वाटली ती आपली माणसे, असे त्यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. शेजारच्या खाटेवरची वृद्धा आणि आपण यांच्यात अर्ध्या शतकाचे अंतर असूनही मन एकाच गोष्टीकडे ओढ घेते, हे त्या तरुण मुलीने स्वतः अनुभवले होते.

त्या काळी विद्वानांचे मत वेगळे होते. एलेन कमिंग आणि विल्यम हेन्री यांनी १९६१ मध्ये मांडलेल्या विचारानुसार वृद्ध माणूस आणि समाज हे दोघेही मृत्यूच्या तयारीने एकमेकांपासून हळूहळू दूर होत जातात. दुसरा पक्ष म्हणत असे की, वृद्धांना गुंतवून ठेवा, त्यांना नवी माणसे भेटवा, म्हणजे ती आनंदी राहतील. हा दुसरा सल्ला आजही मोठ्या प्रेमाने दिला जातो, आणि तो ज्यांना दिला जातो त्यांना मात्र क्वचितच कोणी विचारते.

कार्स्टेन्सन यांनी विचारले. वृद्धांच्या वसाहतीत राहणाऱ्या दोन बहिणींच्या मैत्रिणी एकेक करून वारल्या होत्या. इथे इतकी माणसे राहतात, मग त्यांच्याशी मैत्री का करत नाही, या प्रश्नावर त्या बहिणींचे उत्तर होते की, त्यांच्यासाठी आमच्याकडे वेळ नाही. दिवसभर मोकळ्या असलेल्या स्त्रियांचे हे उत्तर प्रथम विचित्र वाटले. पुढे उलगडले की, त्या दिवसातल्या वेळेबद्दल बोलतच नव्हत्या. त्या आयुष्यात उरलेल्या वेळेबद्दल बोलत होत्या. सामाजिक-भावनिक निवडकतेचा सिद्धांत म्हणून जे आज ओळखले जाते, त्याचा गाभा त्या एका वाक्यात आहे. पुढचा काळ अमर्याद वाटतो तेव्हा माणूस ज्ञान, ओळखी आणि संधी साठवतो, कारण त्यांचा उपयोग पुढे व्हायचा असतो. काळ मोजका वाटू लागला की साठवण्याचे प्रयोजन उरत नाही आणि आत्ता, या क्षणी ज्यात अर्थ वाटतो ते नाते वरचढ ठरते.

(दृश्य : हाँगकाँगचे बंदर, फेरीबोट, सायंकाळचे दिवे.)

हे हाँगकाँग आहे. १ जुलै १९९७ रोजी ही ब्रिटिश वसाहत चीनच्या ताब्यात गेली. त्याआधीची काही वर्षे इथली हजारो कुटुंबे दरवर्षी कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा देशांकडे निघून जात होती, आणि मागे राहिलेल्यांना एक युग संपत असल्याची जाणीव होती. मानसशास्त्रज्ञ हेलेन फंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आले की, जी परिस्थिती प्रयोगात कल्पनेने उभी करावी लागते ती इथे पंचांगातील तारखेसारखी समोर ठाकली आहे. हस्तांतराला बराच अवधी होता तेव्हा नेहमीचेच चित्र दिसले: घरच्या माणसांना पसंती होती ती वृद्धांची. तो दिवस काही महिन्यांवर आला तेव्हा तरुणही वृद्धांसारखेच उत्तर देऊ लागले. हस्तांतर होऊन गेले, शहर पूर्वीसारखेच चालू राहिले, आणि त्यानंतर विचारले असता तरुणांची पसंती पुन्हा विखुरलेली आढळली. तरुण काही महिन्यांत म्हातारे होऊन पुन्हा तरुण होत नाहीत. म्हणून माझ्या मते या सिद्धांताचा सर्वांत बळकट पुरावा या बंदरात आहे.

याच संशोधकांनी प्रश्न उलटाही करून पाहिला. समजा, वैद्यकातल्या नव्या शोधामुळे तुम्हाला अपेक्षेपेक्षा वीस वर्षे अधिक, तीही चांगल्या प्रकृतीची, मिळणार आहेत. आता कोणाला भेटाल? वृद्धांचा घरच्या माणसाकडे असलेला कल नाहीसा झाला. नव्या माणसाविषयीचे कुतूहल त्यांच्यात मेलेले नव्हते. त्याला पुरेसा काळ दिसत नव्हता, इतकेच.

(दृश्य : कोऱ्या कागदावर एकात एक तीन वर्तुळे काढणारा हात.)

चिठ्ठी उचलणे हे शेवटी काल्पनिक उत्तर आहे. प्रत्यक्ष नाती मोजायची असतील तर हा कागद लागतो. मधोमध स्वतः, आतल्या वर्तुळात ज्यांच्यावाचून जगण्याची कल्पनाही करवत नाही ती माणसे, त्याबाहेर त्याहून थोडी दूरची आणि सर्वांत बाहेर इतर. फ्रीडर लांग आणि कार्स्टेन्सन यांनी १९९४ मध्ये बर्लिनमधल्या ७० ते १०४ वर्षांच्या माणसांच्या नात्यांचा अभ्यास मांडला. अतिवृद्धांच्या नात्यांची एकूण संख्या त्यांच्याहून लहान वृद्धांच्या तुलनेत जवळपास निम्मी होती, पण आतल्या वर्तुळातली नावे मात्र फारशी कमी झालेली नव्हती. आजारपण आणि थकवा हेच एकमेव कारण असते, तर झीज सगळीकडे सारखीच दिसली असती.

(दृश्य : युगांडातील किबाले अरण्य, शेजारी बसलेले दोन वृद्ध चिंपांझी नर.)

किबालेतल्या या चिंपांझींनी सिद्धांतापुढे एक खरी अडचण उभी केली आहे. वीस वर्षांच्या निरीक्षणातून २०२० मध्ये समोर आले की, वयस्क नरही मोजक्या, परस्पर स्नेह असलेल्या सोबत्यांनाच अधिक जवळ करतात. आपले आयुष्य संपत आले आहे हे त्यांना कळते, असे मानायला आधार नाही. तेव्हा निवडकतेचा काही भाग काळाच्या जाणिवेहून जुना असावा. हाँगकाँगचे निष्कर्ष त्याने खोटे ठरत नाहीत, पण काळाची जाणीव हेच एकमेव कारण आहे, असे आता म्हणता येणार नाही.

(दृश्य : पुन्हा तो कागद. आतल्या वर्तुळात चार नावे.)

वर्तुळ जितके लहान, तितके त्यातले एखादे नाव गेल्यावर पडणारे खिंडार मोठे असते, आणि बाहेरच्या ओळखी ते सहसा भरून काढत नाहीत.

(दृश्य : हात पेन्सिल बाजूला ठेवतो. निवेदन नाही.)