प्रश्न विचारल्यानंतरचे तीन सेकंद

(तीन दिवसांच्या गणित शिक्षक कार्यशाळेच्या समारोपातील आभाराचे भाषण, संपादित स्वरूपात)

नमस्कार. आभार मानायचं काम काल संध्याकाळी माझ्याकडे आलं, तेव्हा सगळ्यांनी मला एकच सांगितलं की कार्यशाळा घेणाऱ्या ताईंचं कौतुक थोडक्यात कर आणि आपण सोमवारी वर्गात काय करणार ते नीट सांग. ताई समोर बसल्या आहेत. त्यांनाही हेच जास्त आवडेल असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

आम्ही एकवीस जण, पाचवी ते सातवीला गणित शिकवणारे. पहिल्या दिवशी ताईंनी आमच्या जोड्या केल्या. एकाने दहा मिनिटं शिकवायचं आणि दुसऱ्याने मागे बसून मोबाइलवर वेळ मोजायची. मोजायचं एवढंच, की प्रश्न संपल्यापासून वर्गात पुढचा आवाज येईपर्यंत किती वेळ गेला. मी दहा प्रश्न विचारले. त्यातल्या आठ वेळा एक सेकंदही झाला नव्हता. आणि तो पुढचा आवाज बहुतेक वेळा माझाच होता. प्रश्न विचारायचा, लगेच तोच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारायचा, मग अर्धं उत्तर आपणच द्यायचं. मी हे चौदा वर्षं करत आलो आहे आणि ते मला कुणी कधी मोजून दाखवलं नव्हतं.

मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांच्या ध्वनिमुद्रणांवरून हेच दाखवलं होतं, हे ताईंनी नंतर सांगितलं. शिक्षक सरासरी एक सेकंद किंवा त्याहूनही कमी थांबतात. तेच शिक्षक तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, गप्प राहणं कमी झालं आणि एरवी न बोलणारी मुलं बोलू लागली. आधी हे सांगून मग आमची वेळ मोजली असती, तर आम्ही सगळेच सावध होऊन थांबलो असतो. ताईंनी क्रम उलटा ठेवला, म्हणून ते आमच्यापर्यंत पोहोचलं.

तीन सेकंद ऐकायला काहीच नाहीत. फळ्यापाशी उभं राहिलं की ते फार लांब वाटतात. त्यासाठी ताईंनी दिलेली युक्ती आम्ही सगळेच घेऊन जाणार आहोत. हात पाठीमागे घ्यायचा आणि अंगठ्याने बोटाची तीन पेरं सावकाश मोजायची. तोंड बंद. प्रश्न एकदाच. प्रश्न दुसऱ्यांदा वेगळ्या शब्दांत विचारला की मूल हातातला विचार सोडून पुन्हा पहिल्यापासून ऐकायला लागतं, हे त्यांनी सरावात तीन-तीनदा थांबवून दाखवलं. थांबणं दोनदा असतं, हे तर मला माहीतच नव्हतं. एकदा प्रश्नानंतर आणि एकदा मुलाच्या उत्तरानंतर. आपण लगेच ‘बरोबर’ किंवा ‘छान’ म्हणतो आणि मुलाचं वाक्य तिथेच मिटतं. ‘सात आठे किती’ विचारून थांबण्यात मात्र काही अर्थ नाही, पाढा आठवतो किंवा आठवत नाही. थांबायचं ते विचार करावा लागणाऱ्या प्रश्नाला.

आता दशांश अपूर्णांकांकडे येतो. माझ्या मते या तीन दिवसांतला सगळ्यात मोलाचा तास तोच होता. काल दुपारी सहावीच्या छत्तीस मुलांचा वर्ग आपल्याकडे सराव पाठासाठी आला होता. ताईंनी फळ्यावर ०.४ आणि ०.३५ लिहिलं आणि मोठी संख्या कोणती विचारलं. डावीकडची असेल तर एक बोट, उजवीकडची असेल तर दोन, सारख्या असतील तर मूठ. हात छातीशी धरायचा आणि ताईंनी खूण केली की सगळ्यांनी एकदम दाखवायचा, म्हणजे शेजारच्याचं पाहून बोट बदलता येत नाही. पंचवीस मुलांनी एक बोट दाखवलं, म्हणजे बरोबर. अकरा जणांनी दोन दाखवली. पस्तीस हे चारपेक्षा मोठे, हा त्यांचा हिशेब.

मी असतो तर इथे काय केलं असतं ते मला नेमकं माहीत आहे. वर्गाला जमलंय म्हणून त्या अकरा जणांना मधल्या सुट्टीत बोलावलं असतं आणि धडा पुढे नेला असता. ताईंनी दुसरी जोडी लिहिली, ०.५ आणि ०.६२. चुकलेल्या अकराही जणांचं हे बरोबर आलं. आणि आधी बरोबर असलेल्या पंचवीसपैकी सात जणांनी या वेळी ०.५ मोठा सांगितला. त्यातल्या एका मुलाला ताईंनी कारण विचारलं. तो म्हणाला, शतांश दशांशापेक्षा लहान असतात, म्हणून जिथे शतांश आहेत ती संख्या लहान.

हे मी पुन्हा सांगतो, कारण मला ते रात्रभर पुरलं. शतांश हा दशांशापेक्षा लहान असतो हे त्या मुलाचं म्हणणं खरं आहे. आपणच ते शिकवलं आहे. पण शतांश किती आहेत हे तो बघत नव्हता. आणि या चुकीमुळेच पहिल्या प्रश्नात त्याचं उत्तर बरोबर आलं होतं. अकरा जण अंक जास्त ती संख्या मोठी मानत होते, सात जण अंक कमी ती मोठी मानत होते. एकाच जोडीवर थांबलो असतो तर यातला एक गट आपल्याला कधीच दिसला नसता. दोन जोड्या लागतात, आणि दुसरी जोडी पहिलीच्या उलट असावी लागते. एका जोडीत जास्त अंकी संख्या लहान, दुसरीत जास्त अंकी संख्या मोठी. मी माझ्या जुन्या चाचण्या काल काढून पाहिल्या. जवळजवळ सगळ्या जोड्या एकाच प्रकारच्या होत्या.

आपण दशांश वाचतो कसे, यावर काल चहाच्या वेळी बराच वाद झाला. ‘शून्य पॉइंट पस्तीस’ म्हटलं की मुलाच्या कानावर पस्तीस पडतात आणि चाराशेजारी ते मोठे वाटणारच. ‘शून्य पूर्णांक पस्तीस शतांश’ लांब आहे, पण त्यात पस्तीस कशाचे ते कळतं. निदान शिकवताना पहिले दोन आठवडे असंच वाचायचं असं आमच्यातल्या बहुतेकांनी ठरवलं आहे. काहींना ‘शून्य पॉइंट तीन पाच’ पुरेसं वाटतं. माझं मत पहिल्या बाजूने आहे.

यानंतर ताईंनी जे विचारलं त्यात दोन्ही दिवसांचं शिकणं एकत्र आलं. ०.३ आणि ०.४ यांच्या मध्ये एखादी संख्या आहे का? वर्ग म्हणाला, नाही. तीननंतर चार, मध्ये काय असणार? ताई काहीच बोलल्या नाहीत. खिडकीजवळच्या एका मुलीने हात अर्धा वर केला आणि पुन्हा खाली घेतला. मी मागे बसून मोजत होतो, सात सेकंद झाले. मग ती म्हणाली, “०.३५?” मी असतो तर आनंदाने ‘शाब्बास’ म्हणालो असतो. ताईंनी फक्त तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा थांबल्या. ती मुलगी स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, “पण मग ती ०.४ पेक्षा लहान झाली की.”

पहिल्या प्रश्नाला दोन बोटं दाखवणाऱ्या अकरा जणांत ती होती. तिची चूक तिला कुणी दाखवली नाही. मी ‘शाब्बास’ म्हणालो असतो तर ते दुसरं वाक्य आलंच नसतं.

त्यानंतर शंभर घरांचा चौरस आला. दहा उभ्या पट्ट्या, प्रत्येकीत दहा घरं. ०.४ म्हणजे चार पट्ट्या पूर्ण रंगवा, घरं मोजा, चाळीस. ०.३५ म्हणजे तीन पट्ट्या आणि वर पाच घरं. दोन्ही गटांच्या चुकीवर हे एकच चित्र चालतं, कारण त्यात दशांश केवढा आणि शतांश किती, दोन्ही दिसतं. ‘शेवटी शून्य लावा आणि तुलना करा’ ही आपली नेहमीची रीत ताईंनी चूक म्हटली नाही. पण ती आधी शिकवली तर मूल उत्तर बरोबर देतं आणि आत काय समजलंय ते आपल्याला दिसत नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटलं. चौरस आधी, शून्य नंतर.

ताईंनी पहिल्या दिवशी खरं सांगायला शिकवलं, म्हणून हेही सांगतो. ताईंनी सुचवलं तसं प्रत्येक तासाच्या शेवटी प्रत्येक मुलाकडून काय समजलं याची चिठ्ठी लिहून घेणं आमच्याने होणार नाही. माझ्या एका वर्गात पन्नास मुलं आहेत. एक चिठ्ठी वाचायला अर्धा मिनिट धरलं तरी पंचवीस मिनिटं होतात, आणि दिवसाला पाच तासिका घेतल्या तर दोन तासांहून जास्त. आठवडाभर करू आणि मग चिठ्ठ्या न वाचताच पडून राहतील. त्यापेक्षा नवीन घटक सुरू करण्याआधी उलटसुलट दोन जोड्या आणि बोटं, एवढं आम्ही करणार. त्याला पाच मिनिटं लागतात. ताई, काल हे तुम्हाला सांगताना मला संकोच वाटत होता. तुम्ही वहीत लिहून घेतलंत आणि विचारलंत, “मग चिठ्ठी कधी घ्याल?” आमचं उत्तर असं की घटक संपताना एकदा, आणि तीही दहा मुलांची. बोटं दाखवताना जी मुलं डगमगली, त्यांची.

दुसऱ्याचं उत्तर ऐकून त्यावर मुलांनीच बोलायचं, ही गटचर्चा आमच्यातले चौघे जण करून पाहणार आहेत. बाकीच्यांना अजून धीर होत नाही. पुढच्या वेळी त्यावर जास्त वेळ हवा.

आता हे पाकीट. यात एकवीस चिठ्ठ्या आहेत. प्रत्येकाने आपला वर्ग, दोन जोड्या आणि त्या विचारायची तारीख लिहिली आहे. खाली तीन रिकाम्या जागा ठेवल्या आहेत. अंक जास्त ती मोठी म्हणणारी मुलं किती, अंक कमी ती मोठी म्हणणारी किती, आणि दोन्ही जोड्या बरोबर आलेली किती. ते आकडे महिन्याभरात आम्ही तुम्हाला कळवू. अपूर्णांक न शिकवणाऱ्या तिघांनी ऋण संख्यांवर तशाच जोड्या तयार केल्या आहेत, त्याही एकदा बघा. -७ आणि -२ ही जोडी तुम्हाला आवडेल.

ताई, तीन दिवस तुम्ही आम्हाला उत्तरं दिली नाहीत आणि आम्ही बोलेपर्यंत थांबलात. आम्हा एकवीस जणांकडून मनापासून आभार. हे पाकीट घ्या.