एक आवाज, तीन कॅमेरे

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला निम्मे पालक येऊ शकत नाहीत. कुणी मुंबईला कामाला असतं, कुणाची रात्रीची पाण्याची पाळी असते. म्हणून गेली काही वर्षं आम्ही संमेलन यूट्यूबवर थेट दाखवतो आणि ते काम माझ्याकडे आहे. कॅमेरे विकत घेतलेले नाहीत. शिक्षकांचे तीन अँड्रॉइड फोन, शाळेचा लॅपटॉप आणि ओबीएस स्टुडिओ नावाचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर, एवढ्यावर भागतं.

पहिल्या वर्षी चित्र चांगलं गेलं, पण पाहुण्यांचं भाषण बघताना सगळे अस्वस्थ झाले. शब्द आधी ऐकू यायचा आणि ओठ नंतर हलायचे. कॅमेरा बदलला की ते अंतरही बदलायचं. आज मी मुख्यत्वे या एका दोषाबद्दल बोलणार आहे, कारण तीन फोन जोडणं सोपं आहे, पण तिघांशी आवाज जुळवणं शिकावं लागतं.

आधी जोडणी थोडक्यात सांगतो. प्रत्येक फोनमध्ये आयपी वेबकॅम नावाचं अॅप टाकायचं. फोन आणि लॅपटॉप एकाच राउटरवर घ्यायचे. अॅप सुरू केलं की फोनच्या पडद्यावर त्याचा पत्ता दिसतो. त्याच्यापुढे `/video` लिहायचं, म्हणजे साधारण असा पत्ता तयार होतो:

```
http://192.168.1.21:8080/video
```

ओबीएसमध्ये प्रत्येक फोनसाठी वेगळा सीन करायचा, त्यात ब्राउझर सोर्स घ्यायचा आणि हा पत्ता तिथे टाकायचा. त्याच खिडकीत `Shutdown source when not visible` अशी एक चौकट असते, ती रिकामी ठेवा. तिथे खूण राहिली तर पडद्यावर नसलेला फोन बंद होतो आणि त्याच्याकडे परत वळलं की काही क्षण नुसता काळोख दिसतो. फोन एअरप्लेन मोडमध्ये टाकून फक्त वायफाय चालू ठेवायचं. नाहीतर ऐन नाटकात मामाचा फोन येतो.

स्टुडिओ मोड चालू केला की पडद्याचे दोन भाग होतात. डावीकडे पुढे दाखवायचं चित्र असतं आणि उजवीकडे लोकांना दिसत असलेलं. डावीकडचा फोन हलत नाही ना, फोकस बसलाय ना, हे पाहूनच कॅमेरा बदलायचा. भाषणात वाक्य संपताना बदलावा, नाचात समेवर. एवढं पाळलं तर कॅमेरा बदललेला बघणाऱ्याला जाणवतही नाही.

आता आवाजाकडे येऊ. फोनचा माइक वापरायचाच नाही. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४० मीटर असतो. मंडपात मागे, वीस मीटरवर ठेवलेल्या फोनपर्यंत तो पोचायला सुमारे ६० मिलिसेकंद लागतात, म्हणजे सेकंदाचा सतरावा भाग. शिवाय वाटेत गर्दीची कुजबुज आणि स्पीकरचा घुमारा मिसळतो. म्हणून साउंडवाल्याला विनंती करून त्याच्या मिक्सरमधून एक वायर थेट लॅपटॉपमध्ये घ्यायची. मिक्सरची पातळी सुरुवातीला अगदी कमी ठेवायची आणि ओबीएसची आवाजपट्टी बोलताना पिवळ्या भागात खेळेल एवढीच वाढवायची. ती तांबड्यात टेकत राहिली तर आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही.

पण वायरीतून आलेला आवाज जवळजवळ तत्क्षणी पोचतो. चित्र मात्र फोनमध्ये तयार होतं, वायफायवरून येतं, लॅपटॉपमध्ये उलगडतं, आणि यात वेळ जातो. जुन्या फोनला जास्त जातो, राउटरपासून लांब असलेल्याला आणखी जास्त. त्यामुळे आवाज मुद्दाम उशिरा सोडावा लागतो. किती उशिरा, ते टाळीवरून काढायचं.

संमेलनाच्या आदल्या संध्याकाळी एका मुलाला स्टेजवरच्या माइकसमोर उभं करा. ओबीएसमध्ये रेकॉर्डिंग सुरू करून प्रत्येक फोनवर त्याला तीन-चार टाळ्या वाजवायला सांगा. नंतर ते रेकॉर्डिंग एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा. सेकंदाला तीस फ्रेम असतील तर एक फ्रेम म्हणजे साधारण ३३ मिलिसेकंद. टाळीचा आवाज आल्यापासून हात प्रत्यक्ष भिडताना दिसेपर्यंत किती फ्रेम गेल्या, ते मोजायचं. गेल्या वर्षी आमच्याकडे स्टेजजवळच्या फोनला नऊ फ्रेम लागल्या, म्हणजे ३०० मिलिसेकंद. बाजूच्या फोनला दहा, म्हणजे ३३०. मागच्या फोनला तेरा, म्हणजे ४३०.

आवाज एकच आणि उशीर तीन, मग आकडा कोणता धरायचा? मी आधी सरासरी काढली, साडेतीनशे. पण मग मागच्या फोनवर आवाज ८० मिलिसेकंद आधी येत होता आणि ते खटकत होतं. त्याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. लांब कपडे धुणारी बाई आपल्याला आधी दिसते आणि धोपटण्याचा आवाज नंतर येतो. आवाज मागून येणं कानाला जन्मापासून ओळखीचं आहे, आधी येणं नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची १९९८ सालची एक शिफारस हेच आकड्यांत सांगते. आवाज ४५ मिलिसेकंद आधी आला तरी लोकांच्या लक्षात येतं, उशिरा आला तर सुमारे १२५पर्यंत येत नाही.

म्हणून सरासरी सोडून मी ४०० धरले. आता जवळच्या फोनवर आवाज १०० मिलिसेकंद उशिरा, बाजूच्यावर ७० उशिरा आणि मागच्यावर फक्त ३० आधी. तिन्ही मर्यादेत बसले. हा आकडा ओबीएसच्या `Advanced Audio Properties` या खिडकीत, मिक्सरच्या ओळीपुढे `Sync Offset` असं लिहिलेल्या रकान्यात टाकायचा. आधी उणे चिन्ह लावायचं नाही. पुन्हा टाळी वाजवून बघा. ओठ आणि शब्द एकत्र आलेले पाहून फार समाधान वाटतं.

इंटरनेटसाठी चौथा फोन यूएसबी वायरीने लॅपटॉपला जोडतो. सेकंदाला अडीच मेगाबिटने ७२० रेषांचं चित्र पाठवलं तर दोन तासांत सव्वादोन जीबीहून थोडा जास्तच डेटा जातो. रोजच्या दीड जीबीच्या पॅकवर कार्यक्रम दुसऱ्या तासात थांबेल, तेव्हा जादा डेटा आधीच टाकून ठेवा. यूट्यूबवर पहिल्यांदाच थेट प्रक्षेपण करणार असाल तर परवानगी सुरू व्हायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तीही आधीच घ्या. सिनेमाच्या गाण्यावर नाच असेल तर हक्कांच्या कारणाने यूट्यूब मध्येच चित्र अडवू शकतं. म्हणून लॅपटॉपमध्ये रेकॉर्डिंग सोबत चालू ठेवायचं, एमकेव्ही प्रकारात. वीज गेली तरी तोवरचा भाग वाचतो.

एक गोष्ट मात्र आदल्या दिवशी कळत नाही. मंडप भरला की शेकडो फोन हवेत वायफाय शोधू लागतात, माणसांची शरीरंही लहरी अडवतात, आणि फोनचा उशीर वाढत जातो. राउटर बांबूवर डोक्यांच्या वर बांधला आणि पाच गिगाहर्ट्झवर ठेवला तर हे कमी होतं, पूर्ण थांबत नाही. म्हणून मी कार्यक्रमात लेझीम लवकर घ्यायला सांगतो. लेझीम उघडमीट होताना स्पष्ट दिसते आणि झणकाराही तेव्हाच होतो, त्यामुळे प्रत्येक ठोका टाळीचं काम करतो. हेडफोन लावून मी एकेक फोन त्यावर तपासतो. एखादा मागे पडलेला दिसला, की दुसऱ्या फोनचं चित्र पडद्यावर ठेवून त्याचा ब्राउझर सोर्स ताजा करतो. साचलेला उशीर निघून जातो आणि पुढच्या ठोक्याला लेझीम व झणकार पुन्हा जुळतात.

नमस्कार.